ताटलीत उरलेली काकडी

आमच्या घरी सॅलड नावाचा प्रकार बरीच वर्षं नियमाने व्हायचा आणि तितक्याच नियमाने उरायचा. स्टीलच्या ताटलीत काकडीच्या गोल चकत्या, त्याभोवती टोमॅटो, मधे बीट, वरून मीठ आणि लिंबू. जेवणं उरकेपर्यंत त्या ताटलीत गुलाबी पाण्याचं तळं साचलेलं असे आणि त्यात चकत्या बुडालेल्या. ती ताटली झाकून फ्रिजमध्ये जायची आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात. माझी चिडचिड व्हायची. "एवढं चिरून ठेवलंय, एक फोड तरी घ्या," असं म्हणून मी प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन चकत्या वाढायचे आणि त्या ताटाच्या कडेलाच राहायच्या.

एके दिवशी चिडायचं सोडून मी नुसतं पाहिलं, कोण काय टाकतंय ते. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, गाजर आणि काकडी दोन्ही टाकली होती, पण टोमॅटो खाल्ला होता. त्यांना कवळी आहे. मुलाने बीट टाकलं होतं आणि त्याला लागलेली काकडीसुद्धा, कारण "मातीचा वास येतो". नवऱ्याने सगळंच टाकलं होतं. त्याचं म्हणणं, गरम भाजी-भाकरीबरोबर हे गार, पाणचट कशाला? सासूबाई तेवढ्या सगळं खात होत्या, पण त्या आमच्या घरात काहीच टाकत नाहीत, त्यामुळे त्यांची साक्ष काढण्यात अर्थ नाही.

भाजीशी कोणाचंच वैर नव्हतं. तक्रारी तीन होत्या: चावत नाही, वास येतो, पाणी सुटतं. तिन्हींवरचा उतारा आपल्या पानाच्या डाव्या बाजूला कधीचाच वाढलेला आहे. मी मात्र हॉटेलातली ताटली घरी आणली होती आणि कोशिंबीर, भरीत, पचडी सणावारापुरती ठेवली होती.

आधी पाण्याचं बघू, कारण ते सर्वांत सोपं. काकडीत पाणी असतंच. चिरलेल्या फोडीवर मीठ पडलं की ते आतलं पाणी बाहेर ओढून घेतं. दहा मिनिटांत फोड लिबलिबीत होते आणि तिची चव त्या पाण्यात उतरते. यावर दोनच उपाय. एक, मीठ अगदी वाढताना घालायचं. दुसरा खमंग काकडीचा: काकडी विळीवर चोचवायची, म्हणजे तिचे बारीक दाणेदार तुकडे पाडायचे, मुद्दाम मीठ लावून दहा मिनिटं ठेवायची आणि मुठीत घट्ट पिळायची. मग दाण्याचं कूट, ओलं खोबरं, चिमूटभर साखर, लिंबू आणि वर तूप, जिरं, हिरव्या मिरचीची फोडणी. उरलंसुरलं पाणी दाण्याचं कूट पिऊन टाकतं. पिळून काढलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात जातं. त्यात मीठ असतं, म्हणून पिठात घालायचं मीठ तेवढं कमी करायचं. फोडणीमुळे नवऱ्याची 'गार' ही तक्रारही अर्धी मिटली. फोडणीचा चर्र आवाज आला की आमच्याकडे माणसं आपोआप पानावर येतात.

टोमॅटोलाही हाच न्याय. आतला बियांचा गर चमच्याने काढून आमटीत टाका आणि फक्त भिंती चिरा. कोशिंबीर तासभर कोरडी राहते.

चावत नाही आणि वास येतो, या दोन तक्रारींवर उत्तर एकच, ते म्हणजे भाजी शिजवणं. सॅलड म्हणजे कच्चंच, असं आपल्या डोक्यात का बसलंय कोण जाणे. लाल भोपळ्याचं भरीत, बिटाची दह्यातली कोशिंबीर, भाजलेल्या वांग्याचं दही-भरीत या सगळ्या शिजवलेल्या भाजीच्या कोशिंबिरीच आहेत.

बिटाचा तो मातीचा वास मुलाच्या मनाचा खेळ नव्हे. बिटामध्ये जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. पहिला पाऊस पडल्यावर मातीतून जो वास उठतो, त्यातही हेच असतं. माणसाचं नाक या वासाला विलक्षण तिखट आहे, त्याचा कणभर अंशही आपल्याला कळतो. पावसात आपण ज्याला सुगंध म्हणतो, तोच ताटात आला की तोंड वाकडं करतो. हे द्रव्य सालीत जास्त असतं आणि आंबटाने त्याचा वास मोडतो. म्हणजे बीट नीट सोलायचं आणि दह्याशी किंवा लिंबाशी गाठ घालायची.

दोन मध्यम बिटं घ्या. खालची शेपटी कापू नका आणि वरचा देठ बोटाच्या पेराएवढा ठेवा. कापलेल्या जागेतून रंग आणि गोडी पाण्यात जाते, म्हणून अख्खंच उकडायचं. कुकरमध्ये चार शिट्ट्या पुरतात. सुरी सहज आत गेली की झालं. कोमट असतानाच साल बोटांनी सुटते. इथे एक थांबा आहे आणि बहुतेकांची कोशिंबीर इथेच बिघडते: बीट पूर्ण गार होऊ द्या. गरम बीट दह्यात पडलं की दही फुटतं आणि पाणी सोडतं. मग किसण्याऐवजी हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या फोडी करा. किसल्यावर त्याचा लगदा होतो आणि मुलं लगद्याला हात लावत नाहीत. एक वाटी घट्ट दही, दोन चमचे दाण्याचं कूट, मीठ, अर्धा चमचा साखर. वर तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता.

दही मात्र आधी बीटाशिवाय कालवून चाखा. दही गोडसर असेल तर थोडं लिंबू पिळा, कारण वास मारायचं काम आंबटाचं आहे. पहिल्यांदा मी ताजं, गोड दही वापरलं तेव्हा मुलाने एक घास घेऊन वाटी परत सरकवली होती. आठवड्याने आंबट दह्यात केली तर 'गुलाबी रायतं' म्हणून त्याने ती खाल्ली. त्याला बीट आहे हे माहीत होतं. मी लपवलं नव्हतं. लपवून घातलेली भाजी एकदा सापडली की पुढचं वर्षभर प्रत्येक घास उलटून पाहिला जातो, हा माझा अनुभव आहे.

एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवावी. बीट खाल्ल्यावर काही जणांच्या लघवीला गुलाबी रंग येतो. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी गंभीर चेहऱ्याने बाहेर आले आणि "डॉक्टरांना फोन लाव" म्हणाले. आदल्या रात्रीची कोशिंबीर आठवेपर्यंत घरात चांगलीच शांतता होती. बीट खाल्लेलं नसताना असं झालं तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं.

अण्णांचं खरं मन जिंकलं ते भोपळ्याच्या भरताने. पाव किलो लाल भोपळ्याच्या सालासकट मोठ्या फोडी डब्यात पाणी न घालता ठेवायच्या आणि कुकरला दोन शिट्ट्या काढायच्या. भोपळा स्वतःचं पाणी सोडतो, ते निथळून आमटीला घ्यायचं. गर चमच्याने काढून हातानेच जाडसर कुस्करायचा. कवळीला हे मानवतं, कारण चावायचं काही नसतं; पण गुळगुळीत केलं तर आजाऱ्याचं जेवण वाटतं आणि त्याने म्हाताऱ्या माणसांचा अपमान होतो. थोडे गोळे राहू द्यावेत.

या भरताचा जीव म्हणजे फेसलेली मोहरी. अर्धा चमचा मोहरी खलबत्त्यात जाडसर कुटायची, दोन चमचे गार पाणी घालून चांगली फेटायची आणि पाच-दहा मिनिटं झाकून ठेवायची. कोरड्या मोहरीला झणका नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातली दोन वेगवेगळी ठेवलेली द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि तो नाकात जाणारा तिखटपणा जन्माला येतो. म्हणून झाकण उघडल्यावर नाकात झिणझिण्या आल्या तरच मोहरी चढली असं समजावं. गरम पाण्याने किंवा वाफाळत्या भोपळ्याने हे काम बिनसतं आणि मागे फक्त कडूपणा उरतो. सगळं गार झाल्यावर पाऊण वाटी दही, मीठ, चवीपुरती साखर आणि ही मोहरी कालवायची. "हे लग्नाच्या पंगतीत असायचं," असं म्हणत अण्णांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

शिजवल्याने जीवनसत्त्वं जातात, ही शंका येणारच. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, हे खरं. पण गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन शिजल्यावर आणि तूप-तेलाबरोबर शरीराला जास्त लागू पडतं. क जीवनसत्त्वासाठी वरून लिंबू आणि कच्ची कोथिंबीर आहेच. आणि कचऱ्यात गेलेल्या कच्च्या गाजरापेक्षा पोटात गेलेलं शिजवलेलं बरं, हा हिशेब तर कोणालाही कळतो.

आता मोड आलेली कडधान्यं. इथे माझं मत जरा वेगळं आहे, आणि कच्चे मोड खाणाऱ्यांचा रोष पत्करून सांगते: मोड कच्चे खाऊ नयेत. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही हवी असते. जंतू बऱ्याचदा दाण्यावरच चिकटून आलेले असतात, त्यामुळे नुसतं धुऊन ते जात नाहीत. 2011 साली जर्मनीत मोडांतून ई. कोलाय जंतूंची मोठी साथ पसरली होती आणि तिच्यात पन्नासहून अधिक माणसं दगावली. तिथे संशय मेथीच्या बियांपर्यंत जाऊन पोचला होता. घरातली लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई यांना तर कच्चे मोड देऊच नयेत. शिवाय चवीचंही आहे. कच्च्या मुगाला एक हिरवट, शेंगेसारखा वास असतो आणि मुलं नाक धरतात ती त्यालाच. वाफ दिली की जंतू आणि वास, दोन्हींचा बंदोबस्त होतो.

एक वाटी मूग रात्री भरपूर पाण्यात भिजवा. आठ तासांनी पाणी पूर्ण निथळा, दोनदा धुवा आणि स्वच्छ ओल्या फडक्यात सैल बांधून झाकण ठेवा. एप्रिल-मेमध्ये बारा तासांत मोड येतात. आमच्या नाशिकला डिसेंबरात दिवस-दीड दिवस लागतो. तेव्हा मी पुरचुंडी नुकत्याच बंद केलेल्या ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या डब्यांच्या मागे ठेवते. मोड तांदळाच्या दाण्याएवढे झाले की थांबायचं. लांब शेपट्या दिसायला छान, पण त्या दोरीसारख्या चिवट होतात आणि कडवटही लागतात. एका वाटीचे साधारण अडीच वाट्या होतात. फडकं उघडल्यावर ताज्या काकडीसारखा वास यायला हवा. आंबूस वास आला, दाणे बोटाला बुळबुळीत लागले किंवा ओढल्यावर तार सुटली तर सगळं फेकायचं. धुऊन वापरू, असा मोह होतो, तो टाळावा.

वाफवताना पातेल्यात पाणी उकळवा, वर चाळणीत मोड पसरा, झाकण घाला आणि सहा-सात मिनिटं थांबा. एक दाणा बोटात दाबून पाहा: तो दबला पाहिजे, पण साल फुटून पीठ बाहेर यायला नको. लगेच ताटात पसरा, नाहीतर स्वतःच्या वाफेत ते शिजत राहतात आणि सॅलडऐवजी उसळ होते. लिंबू आणि टोमॅटो नंतरच घालायचे. आंबट आधी पडलं तर कडधान्य मऊ व्हायला नाठाळपणा करतं.

मटकीचं असंच करता येतं. तिला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. राजमा मात्र या प्रकारात अजिबात नको. कच्चा किंवा अर्धवट वाफवलेला राजमा विषारी असतो. तो भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून पूर्ण शिजवावाच लागतो.

नवऱ्यासाठी मी या वाफवलेल्या मटकीचं जे केलं त्यात माझा थोडा कावेबाजपणा आहे. नाशिकच्या माणसाला मटकी दिसली की मिसळ आठवते. म्हणून दोन वाट्या मटकी, एक बारीक चिरलेला कांदा, बिया काढलेला टोमॅटो, अर्धी वाटी गाजराचा किस, कोथिंबीर, लिंबू आणि तेलात मोहरी, हळद, पाव चमचा गोडा मसाला घातलेली फोडणी. कांदा आधी दहा मिनिटं गार पाण्यात बुडवून पिळून घ्यायचा, म्हणजे त्याचा उग्रपणा उतरतो आणि ऑफिसच्या डब्यातही चालतो. आणि वाढताना प्रत्येकाच्या वाटीवर एक चमचा फरसाण. एकच. डबा मी टेबलावर ठेवत नाही, कारण ठेवला की प्रमाण उलटं होतं: फरसाणावर मटकी भुरभुरली जाते. फरसाणात मीठ असतंच, म्हणून मटकीत मीठ निम्मं. "रश्शाशिवायची मिसळ," असा शेरा मारून नवऱ्याने दोन वाट्या संपवल्या. त्याने तिला सॅलड म्हणायला अजून नकार दिलाय, पण नावात काय अडकलंय!

मोडांनी पोटात गॅस होतो ही तक्रार असेल, तर प्रमाण बघावं. भिजल्याने आणि मोड आल्याने गॅस करणारी शर्करा कमी होते, संपत नाही. अण्णांना मी मूगच देते, अर्धी वाटी, तेही दुपारी.

फळांची वाट मुलांसाठी सोपी वाटते आणि तिथेच माझी सर्वांत मोठी फजिती झाली. घरी पाहुणे येणार होते. मी दोन तास आधी अननसाच्या ताज्या फोडी घट्ट दह्यात कालवून, वर डाळिंबाचे दाणे घालून फ्रिजमध्ये ठेवल्या. वाढायला काढलं तर दही पातळ झालेलं आणि सगळं कडू. मला वाटलं दहीच खराब होतं. दही बिचारं चांगलं होतं. अननसात ब्रोमेलेन नावाचं पाचक द्रव्य असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करत सुटतं आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. कच्ची पपई आणि किवी यांच्यातही याच जातीची द्रव्यं आहेत. उपाय साधा: अननसाच्या फोडी दोन चमचे साखर घालून पाच मिनिटं उकळवा, गार करा, मग दह्यात घाला. उष्णतेने ते द्रव्य निकामी होतं. डब्यातला अननस आधीच शिजवलेला असतो, म्हणून तो कधी दगा देत नाही.

पुढे एका गोव्याच्या शेजारणीने सासव खायला दिलं: अननस किंवा रायवळ आंबा, वाटलेला ओला नारळ, गूळ, मिरची आणि मोहरीचा झणका. दह्याचा संबंधच नाही, त्यामुळे कडू होण्याचा प्रश्नच नाही. फळ आणि मोहरी यांची जोडी किती जमते हे मला त्या दिवशी कळलं आणि मग मी ती आमच्या द्राक्षांवर वापरली. फेब्रुवारीत नाशिकला द्राक्षं घरोघरी असतात. बिनबियांची दोन वाट्या द्राक्षं उभी अर्धी कापायची, एक वाटी अगदी बारीक चिरलेला कोबी, अर्धी वाटी दही, पाव चमचा फेसलेली मोहरी, मीठ. साखर नको. कोबीचा करकरीतपणा आणि द्राक्षाचा रस एका घासात येतात.

मुलासाठी मी या प्रमाणाशी खेळले. पहिल्या वेळी तीन भाग द्राक्षं आणि एक भाग कोबी. दर आठवड्याला द्राक्षं मूठभर कमी. महिन्याभरात दोन्ही बरोबरीला आली, आणि त्याच्या पुढे गेल्यावर त्याने "यात द्राक्षं कुठे आहेत?" असं विचारलं. तिथेच थांबले. मर्यादा कळली. फळाशिवायची कोशिंबीर त्याला चालत नाही, आणि निम्म्यापेक्षा जास्त फळ घातलं तर ती कोशिंबीर राहत नाही, शिकरण होते.

पिकलेल्या पेरूची कोशिंबीर अण्णांना आवडते, पण बिया कवळीत अडकतात. मधला बियांचा गाभा काढून फक्त बाहेरचा गर घेतला की काम होतं. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यातून काढायच्या. केळं मात्र ऐन वेळीच कापावं, त्याला दुसरा इलाज नाही.

आता ताटलीतल्या चकत्या आमच्याकडे जवळजवळ बंद झाल्यात. रोज एकच कोशिंबीर, वाटीत, आणि तीही सगळ्यांना पुरून थोडी कमीच पडेल इतकी. हार मी एकाच ठिकाणी मानली आहे, मुळ्यापुढे. भिजवलेल्या हरभरा डाळीबरोबर वाटून चटका केला, किसून पिळून दह्यात घातला, वाफवूनही पाहिला. मुलगा मुळा किसायला घेतला की आपल्या खोलीचं दार लावून घेतो. मग मी आणि सासूबाई स्वयंपाकघरातच, पाटावर बसून, गरम भाकरीबरोबर तो दोघींत संपवतो.